पाव किलो विकलं तरी स्टॉक हलत नाही: किलो-ग्रॅमचा घोळ कुठे शोधायचा

प्रश्न: इंदूरला आमचं नमकीन आणि मसाल्याचं दुकान आहे. माल किलोत घेतो, विकतो ग्रॅमच्या पाकिटांत. कॉम्प्युटरवर स्टॉक कायम जास्त दिसतो आणि डबा रिकामा असतो, कुठे चुकतंय?

उत्तर:

भाऊ, सियागंजमधल्या दोन-तीन दुकानांची सॉफ्टवेअरं मी बघतो, तिथे हाच प्रकार होता. माणसांवर संशय घेण्याआधी एक टेस्ट करा. एक खोटा आयटम बनवा, १० किलो खरेदी टाका आणि त्याचं १५०० ग्रॅमचं एकच बिल काढा. पाव किलोचं बिल मुद्दाम नाही सांगत, कारण स्क्रीनवर दोनच दशांश दिसत असतील तर दोन्ही चुकांमध्ये १०.०० च दिसतं आणि काहीच कळत नाही.

आता स्टॉक बघा. ८.५ आला तर हिशोब बरोबर आहे, दुसरीकडे शोधा. ९ आला तर दशांश कापला जातोय, म्हणजे दीड किलोचा एक किलो झाला. आणि १०.०० तसाच राहिला तर टेबलमध्ये जाऊन खरा आकडा बघा, ९.९९८५ असेल तर १००० ने दोनदा भागलंय.

दशांश कापण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की दोन्ही आकडे पूर्णांक आहेत. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट तिघंही असं उत्तर देतात:

```
SELECT 250/1000;     -- 0
SELECT 250/1000.0;   -- 0.25
```

म्हणजे २५० ग्रॅम शेवेची चाळीस पाकिटं, प्रत्येकाचं वेगळं बिल, असं विकलं तर १० किलो माल गेला आणि पुस्तकात शून्य वजा झालं. ज्या आयटमची छोटी पाकिटंच जास्त जातात त्याचा फरक सगळ्यात मोठा दिसतो, आणि जो आयटम नेहमी अख्ख्या किलोतच जातो त्याचा स्टॉक तंतोतंत जुळतो, ही याची पक्की खूण.

दोनदा भागण्याची गोष्ट वेगळी. बिलिंगची स्क्रीन ग्रॅमचे किलो करून पुढे पाठवते, पण आयटमपुढे युनिट 'ग्रॅम'च लिहिलेलं राहतं, मग स्टॉक कमी करणारं फंक्शन ते युनिट बघून परत १००० ने भागतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून कोड वाचताना चूक डोळ्यात भरत नाही. इथे छोट्या पाकिटांचाच नाही तर ग्रॅममध्ये विकलेल्या सगळ्याच मालाचा स्टॉक जवळजवळ हलतच नाही. आणि अजून एक बघा, बिल रद्द केल्यावर माल परत जमा करणारा कोड सहसा वेगळा असतो आणि तिथे एकदाच भागतात, म्हणजे वजा झाले ०.००१५ किलो आणि जमा झाले १.५ किलो. खरेदीपेक्षाही स्टॉक जास्त दिसत असेल तर आधी रद्द झालेली बिलं काढून बघा.

दोन्ही चुका एकत्रही असतात, म्हणून एक दुरुस्त केली की तीच टेस्ट परत करा.

दुरुस्ती मी अशी करतो: स्टॉक सगळा ग्रॅममध्येच ठेवायचा, पूर्णांकात, आणि कॉलमच्या नावातच `stock_g` असं लिहायचं म्हणजे पुढच्या माणसाला अंदाज करावा लागत नाही. किलोचे ग्रॅम फक्त एका जागी, स्टॉकची नोंद होताना करायचे, आणि किलो दाखवायचे ते फक्त स्क्रीनवर. बिलाच्या ओळीत मात्र गिऱ्हाइकाने मागितलेला आकडा आणि युनिट जसंच्या तसं राहू द्या. गुणताना सुद्धा सांभाळा, काट्यावरून १.००५ किलो आलं आणि ते फ्लोटमध्ये असेल तर पायथनमध्ये

```
int(1.005*1000)     # 1004
round(1.005*1000)   # 1005
```

असं होतं, म्हणून `int` नको, `round` घ्या.

जुना स्टॉक सरसकट १००० ने गुणून नीट करायला जाऊ नका, त्यात खरेदी बरोबर चढलेली आहे आणि फक्त विक्रीच चुकलेली आहे. बिलाच्या ओळींवरून सगळी विक्री नव्याने ग्रॅममध्ये मोजा, खरेदीतून वजा करा, मग एका रात्री दुकान बंद झाल्यावर माल वजन करा आणि उरलेला फरक वेगळी नोंद करून टाका, तारखेसकट. तो फरक थोडा राहणारच, सांडलवंड असते, मसाल्यातला ओलावा उडतो.

केशर अर्धा ग्रॅम विकत असाल तर ग्रॅमचा पूर्णांक तिथे पुरत नाही, मग मूळ युनिट मिलिग्रॅम घ्या आणि कॉलम `BIGINT` करा, कारण साध्या `INT` मध्ये मिलिग्रॅम २१४७ किलोपर्यंतच मावतात आणि तेवढं तर दिवाळीच्या आधी नुसतं बेसनच भरत असाल.