भांडवल पुरेसं असूनही बँक का बुडते?

प्रश्न: "सिलिकॉन व्हॅली बँकेचं भांडवल पर्याप्तता प्रमाण 16 टक्क्यांच्या वर होतं म्हणतात. मग ती दोन दिवसांत बुडाली कशी?"

हे प्रमाण काढताना भांडवलाला जोखीम-भारित मालमत्तेने भागतात. कारखान्याला दिलेल्या कर्जावर भार जास्त, सरकारी रोख्यांवर शून्य, सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्ज-रोख्यांवर थोडासा. हा भार पैसे बुडण्याच्या धोक्याचा असतो. खरेदी-विक्रीसाठी न घेतलेल्या रोख्यांच्या बाबतीत व्याजदर वाढून किंमत पडण्याचा धोका त्यात येतच नाही.

या बँकेच्या ठेवी 2019 अखेरीस साधारण 62 अब्ज डॉलर होत्या, 2021 अखेरीस 189 अब्ज. बहुतेक पैसा स्टार्टअप कंपन्यांचा, म्हणजे कधीही काढता येणारा. बँकेने त्यातला मोठा भाग दीर्घ मुदतीच्या गृहकर्ज-रोख्यांत घातला, तेही व्याजदर तळाला असताना. 2022 मध्ये अमेरिकेत दर झपाट्याने वाढले. रोख्यांची सरासरी संवेदनशीलता सहा वर्षांची असेल, तर दर एक टक्का वाढला की किंमत ढोबळमानाने सहा टक्के पडते. वर्षअखेरीस 'मुदतीपर्यंत ठेवायचे' या खात्यातले सुमारे 91 अब्जांचे रोखे बाजारभावाने 76 अब्जांचे उरले होते. म्हणजे तोटा 15 अब्ज आणि बँकेचं भागभांडवल व राखीव निधी मिळून 16 अब्ज! पण या खात्यात रोखे खरेदी-मूल्याने दाखवतात, त्यामुळे तोटा फक्त ताळेबंदाच्या टिपांमध्ये दिसत होता. प्रमाण मात्र जिथल्या तिथे.

मुदतीपर्यंत थांबता आलं असतं तर पैसे पूर्ण परत मिळाले असते, हे खरं. पण ठेवीदार थांबणार होते का? स्टार्टअपना नवी गुंतवणूक मिळेना, ते ठेवी काढू लागले. 8 मार्च 2023 ला बँकेने 21 अब्जांचे दुसऱ्या खात्यातले रोखे विकून 1.8 अब्जांचा तोटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी 42 अब्ज डॉलर निघून गेले. बहुतेक ठेवी विमा मर्यादेच्या बाहेर होत्या, त्यामुळे आधी पळेल त्याचे पैसे वाचतील हे प्रत्येकाला कळत होतं. 10 तारखेला नियामकांनी बँक बंद केली.

आपल्याकडे गृहकर्जं मुख्यतः बदलत्या दराची असतात आणि 2019 पासून नवी कर्जं बहुधा रेपोशी जोडलेली. त्यामुळे दरवाढीचा फटका बराचसा कर्जदाराकडे सरकतो. पण रोकड-टंचाईचा धोका तसाच राहतो, कारण दर बदलला म्हणून वीस वर्षांचं कर्ज उद्या परत येत नाही.

म्हणून वार्षिक अहवालात प्रमाणाबरोबर दोन गोष्टी पाहा. पहिली, टिपांमधला मालमत्ता आणि दायित्वांचा मुदतनिहाय तक्ता: पहिल्या 30 दिवसांच्या रकान्यांत जाणारा पैसा येणाऱ्यापेक्षा किती जास्त आहे? दुसरी, मोठ्या वीस ठेवीदारांचा एकूण ठेवींतला वाटा. हा वाटा मोठा आणि तफावतही मोठी असेल, तर 16 टक्क्यांवर मी तरी विसंबणार नाही.