‘कर्मण्येवाधिकारस्ते’: शब्दशः भाषांतर आणि भावानुवाद मुळाशी ताडून कसे पाहावे

प्रश्न : गीतेतल्या एकाच श्लोकाची शब्दशः भाषांतरे आणि भावानुवाद शेजारी ठेवले, तर मूळ शब्दांशी कोण किती प्रामाणिक आहे हे कसे ठरवायचे? माझे संस्कृत शाळेपुरतेच आहे.

उत्तर :

शाळेपुरते संस्कृत या कामाला पुरते, कारण येथे श्लोकाचा सिद्धांत तपासायचा नसून पदे तपासायची आहेत. वाईला आम्ही चार-पाच जण आठवड्यातून एकदा गीता वाचायला बसतो आणि दुसऱ्या अध्यायातील 47 व्या श्लोकावर आमच्या तीन बैठका गेल्या. तेव्हा जे हाती आले ते त्याच श्लोकाच्या आधारे सांगतो.

कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन ।
मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि ॥

कोणतेही भाषांतर उघडण्यापूर्वी पदे सुटी करावीत : कर्मणि, एव, अधिकारः, ते, मा, फलेषु, कदाचन, मा, कर्मफलहेतुः, भूः, मा, ते, सङ्गः, अस्तु, अकर्मणि. ही पदे आखीव तावावर एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येक भाषांतराला एक रकाना द्यावा. प्रत्येक पदासमोर ते राखले, बदलले की गाळले याची खूण करावी आणि मुळात नसलेले जे वाढवले असेल ते रकान्याच्या तळाशी वेगळे लिहावे. भाषांतर आधी वाचले की त्याचा अर्थ डोक्यात बसतो आणि मग मुळातही तोच दिसू लागतो, म्हणून हा क्रम मोडू नये.

पदे सुटी केल्यावर दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की दुसऱ्या चरणाला स्वतःचे क्रियापदही नाही आणि कर्ताही नाही, त्यामुळे ‘अधिकारः’ हे पद पहिल्या चरणातून तेथे ओढून घ्यावे लागते. दुसरी, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, गोष्ट अशी की त्या चरणात ‘न’ नसून ‘मा’ आहे. ‘न’ वस्तुस्थिती नाकारतो, तर ‘मा’ निषेध करतो. म्हणजे ‘फळांवर तुझा अधिकार नाही’ असे विधान मुळात नाही; ‘फळांवर तुझा अधिकार कधीही नसावा’ असे बजावणे आहे. शंकराचार्यांनीही भाष्यात येथे ‘अस्तु’ हे आज्ञार्थी रूपच अध्याहृत घेतले आहे. तिसऱ्या चरणातील ‘मा भूः’, म्हणजे ‘होऊ नकोस’, आणि चौथ्यातील ‘मा अस्तु’ हे निषेध तर उघडच आहेत.

आता विनोबांची गीताई घ्या. ती 1932 साली प्रसिद्ध झाली आणि ती समश्लोकी आहे, म्हणजे मूळ अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांना तिच्यातही बत्तीसच अक्षरे आहेत.

कर्मांत चि तुझा भाग तो फळांत नसो कधी ।
नको कर्म-फळीं हेतु अकर्मी वासना नको ॥

‘एव’ला ‘चि’, ‘कदाचन’ला ‘कधी’ आणि ‘अकर्मणि’ला ‘अकर्मी’ अशी पदाला पद मिळते. ‘नसो’ या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. ‘नाही’ लिहिणे सोपे होते आणि कित्येकांनी तसेच लिहिले आहे, पण विनोबांनी ‘मा’चा निषेध जसाच्या तसा उतरवला आहे. ‘तो’ या सर्वनामाने ‘अधिकार’ दुसऱ्या चरणात ओढून घेण्याचे कामही दोन अक्षरे न वाढवता साधले आहे.

तरीही या रकान्यात ‘बदलले’ अशा तीन खुणा पडतात. ‘अधिकार’चा ‘भाग’ झाला. येथे वृत्ताची अडचण दिसते, कारण ‘कर्मांत चि तुझा’ एवढ्यात सहा अक्षरे संपतात आणि उरलेल्या दोन अक्षरांत ‘अधिकार’ बसत नाही. मात्र अडचणीतून आलेला हा शब्द अगदीच परका नाही. मीमांसेत अधिकार म्हणजे फलस्वाम्य, म्हणजे कर्मापासून मिळणाऱ्या फळाची मालकी; तेथून पाहिले तर ‘वाटा’ या अर्थाचा ‘भाग’ मुळाच्या बराच जवळ येतो. आजच्या मराठीतील ‘हक्क’ त्या मानाने दूर पडतो, कारण त्याला मागणीचा वास आहे.

दुसरा बदल वृत्तावर ढकलता येत नाही. ‘सङ्ग’साठी त्यांनी ‘वासना’ घेतली, पण ‘अकर्मी संग तो नको’ असे लिहिले असते तरी आठच अक्षरे झाली असती. म्हणजे ही निवड आहे. संग म्हणजे चिकटणे. वासना हे त्या चिकटण्यामागचे कारण. भाषांतरकाराने येथे एक पायरी आत जाऊन अर्थ सांगितला आहे. (वचनाबद्दल एक गोष्ट जाता जाता : मुळात ‘कर्मणि’ एकवचन आणि ‘फलेषु’ अनेकवचन आहे, जुन्या मराठी लेखनात सप्तमीच्या एकवचनालाही अनुस्वार येत असल्यामुळे गीताईच्या ‘कर्मांत’ आणि ‘फळांत’ या रूपांवरून तो भेद ओळखता येत नाही.) तिसरा बदल ‘हेतु’ या पदाचा आहे, त्याकडे शेवटी येतो.

आता दुसऱ्या टोकाला ज्ञानेश्वरी. ती भाषांतर म्हणून लिहिलेलीच नाही, ती टीका आहे; म्हणून शब्द गाळल्याचा किंवा वाढवल्याचा दोष तिला देता येत नाही. परंतु अनेक घरांत श्लोकाचा अर्थ तिच्यातूनच सांगितला जातो, तेव्हा ती मुळाशी कोठे जुळते आणि कोठे नाही हे ठाऊक असावे. या श्लोकावर ज्ञानदेव आधी असे म्हणतात की आम्ही सगळा विचार केला आणि तू आपले विहित कर्म सोडू नयेस हेच मनाला आले. श्रीकृष्णाचा हा घरगुती सूर आणि ‘विहित’ हे विशेषण दोन्ही मुळात नाहीत. ती तळाशी, वाढवलेल्यांत जातात. मग ही ओवी येते :

परी कर्मफळीं आस न करावी । आणि कुकर्मीं संगति न व्हावी ।
हे सत्क्रियाचि आचरावी । हेतूविण ॥

येथे आमच्या मंडळात पहिला वाद झाला. ‘सङ्ग’साठी ‘संगति’, म्हणजे मुळातील धातू कायम. शब्दशः म्हटल्या जाणाऱ्या गीताईने जे पद बदलले तेच भावार्थ सांगणाऱ्या ज्ञानेश्वरीने राखले. उलट गीताईने राखलेला ‘अकर्म’ येथे ‘कुकर्म’ झाला. एकूण पुस्तकावर ‘शब्दशः’ किंवा ‘भावानुवाद’ अशी चिठ्ठी लावून प्रत्येक पदाचा निकाल लागत नाही, तो असा.

‘कुकर्म’ व्याकरणात बसते का? बसते. नञ्, म्हणजे ‘अ’ हा उपसर्गासारखा अवयव, याचे सहा अर्थ परंपरेने सांगितले आहेत आणि त्यांत अभावाबरोबर अप्राशस्त्य, म्हणजे निंद्यता, हाही एक आहे. तेव्हा ‘अकर्म’ म्हणजे ‘वाईट कर्म’ असा विग्रह शक्य आहे. शक्य आहे म्हणजे येथे तोच आहे असे मात्र नव्हे. ते ठरवायला त्याच ग्रंथातील इतर जागा पाहाव्यात. तिसऱ्या अध्यायातील आठव्या श्लोकात ‘कर्म ज्यायो ह्यकर्मणः’ असे म्हणून लगेच सांगितले आहे की कर्म न करणाऱ्याचा शरीरनिर्वाहही होणार नाही. तेथे निंद्य कर्माचा अर्थ लागतच नाही. चौथ्या अध्यायातील सतराव्या श्लोकात कर्म, विकर्म आणि अकर्म अशी तीन वेगळी नावे आहेत आणि निषिद्ध कर्मासाठी ‘विकर्म’ हा शब्द राखून ठेवला आहे. या दोन जागांवरून मी ‘कुकर्मीं’पुढे ‘बदलले’ अशी खूण केली. मंडळातील एक ज्येष्ठ वारकरी गृहस्थ म्हणाले, ‘‘गुरुजी, माउलीला चूक म्हणताय का?’’ मी म्हटले की चूक म्हणत नाही. माउलींनी काय सांगितले हा एक प्रश्न आणि मुळात कोणता शब्द आहे हा दुसरा, आणि आजचा ताव दुसऱ्याचा आहे.

लोकमान्यांच्या गीतारहस्यातील भाषांतर (1915) या दोहोंच्या मधले आहे. ते गद्य आहे, त्यामुळे वृत्ताची सक्ती नाही, आणि मुळात नसलेले शब्द ते कंसात घालतात. तपासणाऱ्याला याहून मोठी सोय नाही, कारण तळाचा रकाना भाषांतरकारानेच भरून दिलेला असतो. पण कंसाबाहेरही पाहावे लागते : दुसऱ्या चरणाचा त्यांनी विधान म्हणून अर्थ केला आहे, की फळ मिळणे न मिळणे तुझ्या ताब्यातले नाही. तात्पर्य चांगलेच आहे, परंतु ‘मा’चा निषेध तेथे विरघळला आणि हा बदल कोणत्याही कंसाने दाखवलेला नाही.

सर्वांत ढिला रकाना दिनदर्शिकेवरच्या वाक्याचा निघाला : ‘कर्म करत राहा, फळाची अपेक्षा करू नका.’ त्यासाठी उलटी परीक्षा करून पाहावी, म्हणजे मराठी वाक्य जमेल तसे पुन्हा संस्कृतात न्यावे. ‘फलं मा अपेक्षस्व’ असे काहीतरी होते, आणि त्यात ‘एव’ नाही, ‘अधिकारः’ नाही, चौथा चरण तर साफ नाहीसा झाला आहे. आमच्यातले एक ऊस बागायतदार वर्षानुवर्षे या वाक्यावर चिडून होते. त्यांचे म्हणणे, ‘‘कारखान्याला ऊस घातला, आता बिलाची वाट बघू नको म्हणता?’’ मुळात ‘वाट पाहू नको’ असे पद नाही हे तावावर दाखवल्यावर त्यांचा अर्धा राग गेला. उरलेला अर्धा बिलावरच होता.

राहिला ‘कर्मफलहेतुः’. येथे तुमची खूण करायची पेन्सिल जरा थांबवा, कारण मुळातच दोन वाटा आहेत. शंकराचार्य तत्पुरुष घेतात : फळाची तृष्णा धरलीस तर तू कर्मफळाच्या प्राप्तीचे कारण होशील, तसे कारण होऊ नकोस. टीकाकार श्रीधरस्वामी बहुव्रीही घेतात : कर्मफळ हाच ज्याच्या प्रवृत्तीचा हेतू आहे, असा होऊ नकोस. दोन्ही विग्रहांत ‘हेतुः’ हे पद ‘तू’चे वर्णन करते, कारण क्रियापद ‘भूः’ द्वितीय पुरुषी आहे. टिळकांनी बहुव्रीही घेऊन ‘तू’ राखला. ज्ञानदेवांच्या ‘हेतूविण’मध्ये हेतू ‘तू’कडून क्रियेकडे गेला. गीताईच्या ‘नको कर्म-फळीं हेतु’ यात ‘तू’ बाहेर पडून ‘हेतु’च नकोसा झाला, अर्थ बहुव्रीहीचा, पण वाक्याची बांधणी वेगळी. दोन विग्रहांपैकी एक निवडल्याबद्दल कोणाला दोष देऊ नये, पण ‘तू’ गेल्याची खूण करावी. आमच्या तावावर त्या चौकोनात अजून दोन खुणा शेजारी आहेत, कारण तेथे एकमत झाले नाही.