व्हॉट्सॲपवर गायब होणारे मेसेज लावले तर आधारचा फोटो खरंच जातो का?

"घोडबंदर रोडला भाड्याने घर घेतोय. एजंटला आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाय. २४ तासांचा टायमर लावला तर तो त्याच्याकडून पुसला जाईल ना?"

चॅटमधून जाईल, त्याच्या फोनमधून जाईलच असं नाही.

आधी टायमर लावा, मग फोटो पाठवा, कारण तो फक्त नंतरच्या मेसेजना लागू होतो. चॅट उघडून वर एजंटच्या नावावर टॅप करा, Disappearing messages मध्ये जा आणि २४ तास निवडा (७ आणि ९० दिवसही असतात). तसं झाल्याची ओळ दोघांच्याही चॅटमध्ये दिसते. टायमर तोही बंद करू शकतो, पण आधी पाठवलेल्या फोटोची मुदत तीच राहते.

आता खरी गोम. त्याच्या फोनमध्ये ऑटो-डाउनलोड चालू असेल तर फोटो गॅलरीतही उतरू शकतो, आणि गॅलरीतली प्रत टायमर पुसत नाही. मग तीच प्रत गुगल फोटोजच्या बॅकअपमध्ये जाऊ शकते. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या रात्रीच्या बॅकअपमध्येही मुदत न संपलेला मेसेज जातो, मात्र रिस्टोअर करताना तो काढला जातो. स्क्रीनशॉट मात्र कोणीही काढू शकतो, तुम्हाला कळतही नाही.

View once ने, म्हणजे एकदाच उघडता येईल असा पाठवला तर गॅलरीत उतरत नाही, स्क्रीनशॉटही अडतो; दुसऱ्या फोनने फोटो काढणं अडत नाही. शिवाय करारासाठी एजंटला प्रत ठेवायचीच असते! म्हणून यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून पाठवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.