ओरलमध्ये न वाचलेला प्रश्न आला तर

प्रश्न: इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मशीन्सच्या ओरलला एक्स्टर्नलनी न वाचलेलं काही विचारलं की मी एकतर गप्प बसतो, नाहीतर काहीतरी ठोकून देतो. थेट ‘येत नाही सर’ म्हणावं का?

उत्तर: न वाचलेले प्रश्न दोन जातींचे असतात, आणि आपल्यासमोरचा कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखायचं. एक पाठांतराचा, ज्याचं उत्तर माहीत असतं किंवा नसतं. दुसरा विचाराचा, जो तुमच्या जर्नलमध्ये नसतो पण त्यातल्याच एखाद्या समीकरणातून निघतो. ‘येत नाही’ हे पहिल्यासाठी ठीक आहे. दुसऱ्याला तसं म्हणालात तर हातातले मार्क सोडून देता.

दुसऱ्या जातीचा एक प्रश्न घेऊ: “50 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर 60 हर्ट्झवर चालवला तर काय होईल?”

इथे बहुतेक जण लगेच ‘लॉसेस वाढतील’ म्हणतात, कारण फ्रिक्वेन्सी वाढली की काहीतरी वाढणारच असं वाटतं. त्याऐवजी आधी प्रश्नातली मोकळी जागा भरून घ्या: “सर, व्होल्टेज तेवढंच ठेवलंय असं धरू का?” तेवढ्यात विचाराला चार-पाच सेकंद मिळतात, पण खरा फायदा वेगळा आहे. व्होल्टेज स्थिर आहे की नाही यावरच इथलं उत्तर ठरतं, आणि ते तुमच्या लक्षात आलंय हे परीक्षकाला तिथेच कळतं.

मग कागद ओढा आणि E = 4.44 f N Φm लिहा. आता बोलत बोलत पुढे जायचं, एका वाक्यात एकच पायरी. “व्होल्टेज तेच, टर्न्स तेच. f 1.2 पट झाली, म्हणजे फ्लक्स 50/60, साधारण 0.83 पट होईल. फ्लक्स कमी, म्हणून मॅग्नेटायझिंग करंटही कमी.” इथवर आलात की लॉसेसकडे वळा. एडी करंट लॉस f आणि B यांच्या गुणाकाराच्या वर्गावर अवलंबून असतो. एक 1.2 पट वाढला, दुसरा तेवढ्याच प्रमाणात घटला, त्यामुळे तो जवळपास तसाच राहील. हिस्टेरिसिसमध्ये f चा घात 1 आणि B चा साधारण 1.6, म्हणून तो थोडा कमी होईल. म्हणजे ‘लॉसेस वाढतील’ हा पहिला अंदाज उलटा निघाला. लीकेज रिअॅक्टन्स मात्र 1.2 पट होईल, त्यामुळे लोडवर रेग्युलेशन थोडं बिघडेल.

शेवटी पडताळा म्हणून f अगदी खाली नेऊन बघा. f शून्याकडे गेली की समीकरण अफाट फ्लक्स मागतं. कोअर सॅच्युरेट होतो, बॅक ईएमएफ उरत नाही आणि करंटला अडवायला फक्त वाइंडिंगचा रेझिस्टन्स राहतो. डीसी दिल्यावर ट्रान्सफॉर्मर जळतो ते यामुळेच. हे तुम्हाला पाठ असतंच, त्याच्याशी जुळलं म्हणजे दिशा बरोबर आहे.

मध्येच परीक्षकांनी “नक्की?” विचारलं की मुलं घाबरून उत्तर फिरवतात. पण हा शब्द बरोबर उत्तरालाही येतो. त्यामुळे निष्कर्षाला हात न लावता मागची पायरी तपासा: “सर, फ्लक्स कमी होईल इथवर खात्री आहे. एडीचं पुन्हा बघतो.” चूक सापडली तर तिथेच खोडून पुढे जा. सापडली नाही तर उत्तर तेच ठेवा.

घात कुठे होतो? स्वतःच आणलेल्या शब्दाने. भारदस्त वाटावं म्हणून ‘हार्मोनिक्स’ म्हणालात की पुढचा प्रश्न हार्मोनिक्सवरच येतो. ज्याची व्याख्या सांगता येत नाही तो शब्द तोंडातून काढू नका. इंग्रजी अडखळत असेल तर मराठीत बोललं तर चालेल का ते विचारून घ्या, बरेच परीक्षक हरकत घेत नाहीत.

आता पहिली जात. “कोअरच्या पत्र्यात सिलिकॉन किती टक्के?” याला तर्काने उत्तर निघत नाही आणि अंदाजे आकडा फेकला तर लगेच पकडला जातो. “नेमका आकडा आठवत नाही सर,” एवढं म्हणा आणि एक श्वास घेऊन जे माहीत आहे ते जोडा: सिलिकॉनमुळे लोखंडाची रेझिस्टिव्हिटी वाढते, एडी करंट कमी होतो, पण प्रमाण फार वाढवलं तर पत्रा ठिसूळ होतो. (आकडा 3 टक्क्यांच्या आसपास आहे.) यातलंही काही माहीत नसेल तर ‘माहीत नाही सर’ म्हणून थांबा. तिथे रेंगाळलात तर येणाऱ्या प्रश्नांचा वेळ जातो.