एचआरने दिलेल्या सेपरेशन अ‍ॅग्रीमेंटवर सही करू का?

"कामावरच्या लैंगिक छळाची पॉश कमिटीकडे तक्रार केलीये, हिंजवडीतली कंपनी. एचआर म्हणतंय तीन पगार घे, नोकरी सोड, तक्रार मागे घे. सही करू?"

लगेच नको. पॉश कायद्याच्या कलम 10 प्रमाणे चौकशीआधी समेट होतो पण तो तुम्ही मागितला तरच, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही, म्हणजे पगार नि तक्रार एका वाक्यात बांधलेत तिथेच घोळ आहे. मग आकडा फोडून बघा, माझ्या मैत्रिणीला साडेचार लाख लिहून दिले, त्यातले दीड लाख नोटीस पे आणि उरलेल्या रजांचेच निघाले, ते तसेही मिळणारच होते ना! "सर्व दावे सोडते" यातून पीएफ, ग्रॅच्युइटी वगळायला लावा. गुप्ततेच्या कलमात वकील, पोलीस, कोर्टाशी बोलायची मुभा स्पष्ट हवी. "स्वेच्छेने राजीनामा" हे खरं नसेल तर खोडायला सांगा.