पी व्हॅल्यू .007 आली, पण टेबलखालची ती बारीक टीप?

"मॅडम, प्रोजेक्टसाठी काय-स्क्वेअर लावला, .007 आलं, म्हणजे सिग्निफिकंट आहे ना? पण टेबलाखाली बारीक अक्षरात आलंय, `2 cells (25.0%) have expected count less than 5. The minimum expected count is 2.72.` मैत्रीण म्हणते टेस्टच बाद झाली. परत सर्व्हे करू का? सबमिशनला दहा दिवस उरलेत. आणि बाद नसेल तर निष्कर्षात काय लिहू, नोकरीमुळे बायका घरात निर्णय घ्यायला लागतात असं?"

सर्व्हे परत करायची गरज नव्हती, हे तिला पहिल्या पाच मिनिटांतच सांगितलं. मुलांच्या प्रोजेक्टच्या आकडेवारीत मदत करायचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि ही टीप घेऊन घाबरलेलं कोणी ना कोणी दर सेमिस्टरला येतंच. गंमत म्हणजे ज्यांना घाबरायला हवं ते येत नाहीत, ते .007 बघून थेट निष्कर्ष टाईप करायला बसतात.

हिचा विषय समाजशास्त्राचा, प्रश्न दोन. विवाहित स्त्री पगारी नोकरी करते की नाही, आणि घरातल्या मोठ्या खर्चाचा निर्णय कोण घेतं. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, हे काय-स्क्वेअर टेस्टने बघायचं होतं. दुसऱ्या प्रश्नाला चार पर्याय होते: दोघं मिळून, पती, पत्नी, सांगता येत नाही. फॉर्म 157, त्यात नोकरी करणाऱ्या 61, न करणाऱ्या 96. मी आधी विचारलं की एका घरातून दोन-दोन फॉर्म तर नाही ना भरून घेतलेस, कारण या टेस्टला प्रत्येक उत्तर स्वतंत्र माणसाचं लागतं, एकाच घरातल्या दोघींची उत्तरं एकमेकींसारखी असणार आणि ही गोष्ट कुठल्याच टीपेत दिसत नाही. ती म्हणाली नाही, घरटी एकच. मग टेबलकडे वळलो.

टीपेत ज्या एक्स्पेक्टेड काउंटबद्दल बोललंय ते तिने जमवलेले आकडेच नव्हेत, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. आपण मोजलेले ते ऑब्झर्व्हड. एक्स्पेक्टेड म्हणजे नोकरीचा आणि निर्णयाचा एकमेकांशी काहीच संबंध नसता तर त्या सेलमध्ये साधारण किती जणी आल्या असत्या तो आकडा. काढायचा कसा, तर रोची बेरीज गुणिले कॉलमची बेरीज भागिले एकूण. "सांगता येत नाही" म्हणणाऱ्या सगळ्या मिळून 7. म्हणजे नोकरीवाल्यांच्या रोमध्ये 61 × 7 ÷ 157, आले 2.72. टीपेतला आकडा हाच! कॅल्क्युलेटरवर तिने स्वतः काढला तेव्हा तिचा चेहरा जरा सैल झाला. न करणाऱ्यांच्या रोमध्ये 4.28. आठ सेलपैकी हे दोनच पाचच्या खाली, म्हणून 25 टक्के.

आता पाचच का. पी व्हॅल्यू काढताना सॉफ्टवेअर आपल्या मोजलेल्या आकड्यांच्या जागी एक गुळगुळीत वक्र वापरतं आणि सेलमध्ये अपेक्षित माणसंच कमी असली तर तो वक्र नीट बसत नाही, पी व्हॅल्यू थोडी इकडेतिकडे होते. सगळे जो नियम सांगतात तो संख्याशास्त्रज्ञ कॉक्रनने 1954 मध्ये मांडलेला, की पाचच्या खालचे सेल 20 टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि एकच्या खाली एकही नको. तो अंदाजाचा नियम आहे, कायदा नाही. हिचे 25 टक्के, सगळ्यात लहान आकडा 2.72, म्हणजे नियम जरासा मोडला होता. बाद वगैरे काही नाही, पण आहे तसं सोडूनही चालणार नाही, कारण व्हायवाला कोणी टीपेवर बोट ठेवलं तर उत्तर हवं.

इथे तिने एक गोष्ट सांगितली जी मला आधीच अपेक्षित होती. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने त्या 7 जणींना "पती" मध्ये मिसळून पाहिलं होतं. टीप गेली आणि पी व्हॅल्यू .007 वरून .003 झाली. "म्हणजे जास्त चांगलं ना मॅडम?" मी म्हटलं, का मिसळलंस? तर, सांगता येत नाही म्हणजे नवराच घेत असणार. हे कोणी सांगितलं तुला? त्या बाईने तर नाही सांगितलं, तिच्यासमोर "पती" हा पर्याय छापलेला होता आणि तिने तो सोडून दुसरा निवडला. शिवाय 7 पैकी 6 जणी नोकरी न करणाऱ्या, म्हणजे मिसळलं की त्याच रोमधल्या "पती" च्या सेलमध्ये सहाची भर, फरक आपोआप फुगतो. कॉलम एकत्र करायला हरकत नसते, "पूर्ण सहमत" आणि "सहमत" बिनधास्त करा, पण अर्थ जुळतो म्हणून करा, आकडा सुधारतो म्हणून नको.

मग तिच्यापुढे दोन सरळ रस्ते होते. एक, चारही पर्याय ठेवून फिशरची एक्झॅक्ट टेस्ट, जी वक्रावर विसंबतच नाही. पण दोन बाय दोनपेक्षा मोठ्या टेबलसाठी एसपीएसएसला त्याचा वेगळा मोड्यूल लागतो आणि तिच्याकडे तो नव्हता (आरमध्ये `fisher.test` ने होतं, पण दहा दिवसांत आर शिकायला तिला कुठे बसवू). दुसरा, या टेस्टपुरत्या त्या 7 बाजूला ठेवायच्या आणि तसं रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं. आम्ही दुसरा घेतला. तिच्या फाईलमध्ये "सांगता येत नाही" चा कोड 4 होता:

```
MISSING VALUES nirnay (4).
CROSSTABS
  /TABLES=nokri BY nirnay
  /STATISTICS=CHISQ PHI
  /CELLS=COUNT EXPECTED ROW ASRESID.
```

मेन्यूतून करायचं तर `Analyze > Descriptive Statistics > Crosstabs`, तिथे `Statistics` आणि `Cells` या बटणांमध्ये हेच टिक करायचं. बहुतेक मुलं फक्त `Chi-square` टिक करून बाहेर येतात आणि मग निष्कर्षाला काही मटेरियलच उरत नाही.

नव्या टेबलात 150 जणी, नोकरी करणाऱ्या 60, न करणाऱ्या 90. नोकरीवाल्यांपैकी 36 म्हणाल्या दोघं मिळून, 13 पती, 11 पत्नी. न करणाऱ्यांत 39, 42 आणि 9. सगळ्यात लहान एक्स्पेक्टेड आता 8, टीपेत शून्य सेल. काय-स्क्वेअर 10.01, डिग्रीज ऑफ फ्रीडम 2, आणि पी व्हॅल्यू पुन्हा .007. आधीही तीच, आताही तीच, म्हणजे तिचा निकाल त्या सात फॉर्मवर टेकलेला नव्हता. हे बघितल्यावर मैत्रिणीला तिथूनच मेसेज गेला.

पण .007 म्हणजे काय हे विचारलं तर म्हणाली, नोकरीचा 99.3 टक्के परिणाम होतो. नाही गं. नोकरी आणि निर्णय यांचा खरोखर काही संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक टेबलात दिसायची शक्यता हजारात सातच्या आसपास, एवढंच ते सांगतं. संबंध किती घट्ट आहे ते त्यात नाही, त्यासाठी क्रॅमर्स व्ही. तो 10.01 ला 150 ने भागून वर्गमूळ काढलं की येतो, हिचा 0.26. (भागताना 150 ला रो आणि कॉलमपैकी जे कमी त्यातून एक वजा करून गुणायचं असतं, इथे दोनच रो म्हणून ते एक.) शून्य म्हणजे संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण, त्यात 0.26 मध्यम म्हणता येईल. हेच प्रमाण ठेवून 1500 जणींचा सर्व्हे असता तर काय-स्क्वेअर दहापट झाला असता, 100 च्या घरात, पण व्ही मात्र 0.26 च राहिला असता. म्हणून मोठ्या सर्व्हेत पी व्हॅल्यू बघून हुरळायचं नाही.

आता फरक नेमका कुठे आहे हे. टेस्ट फक्त एवढं म्हणते की टेबलात कुठेतरी फरक आहे. त्यासाठी अ‍ॅडजस्टेड रेसिड्युअल बघायचे, म्हणजे मोजलेला आकडा एक्स्पेक्टेडपासून किती लांब गेलाय त्याचं माप, साधारण 2 च्या पुढे किंवा उणे 2 च्या खाली गेलेला सेल लक्ष देण्याजोगा. नोकरीवाल्यांच्या रोमध्ये "पती" ला उणे 3.1, "दोघं मिळून" ला बरोबर 2.0, म्हणजे काठावर, आणि "पत्नी" ला फक्त 1.5. ती थोडी हिरमुसली, कारण तिच्या प्रोजेक्टचं अख्खं शीर्षकच स्त्रिया स्वतः निर्णय घेतात यावर होतं. पण तिचा डेटा ते म्हणतच नव्हता. डेटा म्हणत होता की नोकरी करणाऱ्यांच्या घरात "पती एकटा ठरवतो" हे उत्तर कमी येतं, 21.7 टक्के, तर न करणाऱ्यांत 46.7. "पत्नी एकटी" हे 18.3 विरुद्ध 10 टक्के दिसायला मोठं वाटतं, पण माणसं मोजा, 11 आणि 9. तेवढ्यावरून ठाम बोलायला मी तिला बसू दिलं नाही. शीर्षक बदललं, गाईडनेही मान्य केलं.

राहिला "मुळे" हा शब्द. तो मी तिच्या ड्राफ्टमधून सहा ठिकाणी खोडला. सर्व्हे एकदाच, एकाच वेळी झालेला. नोकरीमुळे घरात आवाज वाढला, की ज्या घरात आधीपासूनच दोघं बोलून ठरवतात तिथेच बायको नोकरीला बाहेर पडली? की दोन्हीच्या मागे शिक्षण आहे? शिक्षणाचा प्रश्न तिच्या फॉर्ममध्ये होता, तो `Layer` मध्ये टाकून पाहिलाही, पण टेबलाचे तीन तुकडे झाले आणि पाचच्या खालचे सेल परत हजर. मग ते सोडलं आणि मर्यादांमध्ये दोन ओळी लिहिल्या.

शेवटी रिपोर्टमध्ये गेलं ते असं: "पगारी नोकरी आणि मोठ्या खर्चाचा निर्णय यांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय संबंध आढळला, χ²(2, N = 150) = 10.01, p = .007, V = 0.26. नोकरी न करणाऱ्या स्त्रियांमध्ये 'पती' हे उत्तर 46.7 टक्के, करणाऱ्यांमध्ये 21.7 टक्के होते. 'सांगता येत नाही' असे उत्तर देणाऱ्या 7 जणी या चाचणीतून वगळल्या आहेत; त्यांच्यासह केलेल्या चाचणीतही p = .007 आली."

त्या 7 फॉर्मचं मात्र एक राहिलं होतं. मी तिला म्हटलं ते काढून माझ्यासमोर ठेव. फॉर्मच्या शेवटी "आणखी काही सांगायचंय?" अशी मोकळी जागा होती, तिघींनी तिथे थोड्याफार फरकाने एकच लिहिलेलं, मोठा खर्च असा आमच्याकडे होतच नाही. प्रश्नच त्यांना लागू नव्हता. ते तिने टेबलात न घालता चर्चेच्या भागात अर्धा परिच्छेद करून घातलं, आणि व्हायवाला एक्स्टर्नलने सगळ्यात जास्त वेळ त्याच अर्ध्या परिच्छेदावर विचारलं.