जुनं प्रेझेंटेशन, नवे श्रोते: आधी काय काढायचं?

> "बिलिंग सिस्टिम बदलण्यावर आमच्या टेक्निकल टीमसाठी ३० स्लाइड्स केल्या होत्या. आता तेच फायनान्सच्या वरिष्ठांसमोर २० मिनिटांत मांडायचंय. आकडे अपडेट करायला घेतलेत, पण संपतच नाहीये. कुठून सुरुवात करू?"

आकडे सगळ्यात शेवटी घ्या. ज्या स्लाइड्स पुढे उडणारच आहेत, त्यांचेही आकडे तुम्ही आत्ता दुरुस्त करत बसला आहात. आधी काढा, मग नव्याने लिहा, आणि जे उरेल तेवढंच अपडेट करा.

फाइलची कॉपी करा आणि मीटिंगनंतर या मंडळींनी नेमकं काय ठरवायला हवं, ते एका वाक्यात लिहा. समजा, "पुढच्या तिमाहीत खर्चाला मंजुरी." मग PowerPoint च्या Slide Sorter मध्ये प्रत्येक स्लाइडला विचारा: ही नसेल तर मंजुरी अडेल का? आर्किटेक्चरची आकृती, डेटाबेसची तुलना, टेस्टिंगचा तपशील गेला तरी काही अडत नाही. सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली स्लाइडच काढताना हात आखडतो, तीही काढा. कुणी विचारलंच तर मूळ फाइल आहेच.

नव्याने लिहिणं म्हणजे सोपे शब्द घालणं नव्हे. तुमची एक स्लाइड असेल: "रिस्पॉन्स टाइम: जुनी आणि नवी सिस्टिम", खाली वर्षभराचा आलेख. फायनान्सवाल्यांना सेकंदांशी घेणंदेणं नाही, महिनाअखेरची बिलं कधी निघतात याच्याशी आहे. म्हणून शीर्षकातच निष्कर्ष येऊ द्या: "महिनाअखेरची बिलं चारऐवजी दोन दिवसांत निघतील", आणि खाली फक्त दोन स्तंभ.

इथे एक गोष्ट लक्षात येईल: हे "दिवस" जुन्या फाइलमध्ये नाहीतच. ते बिलिंग टीमकडून आणावे लागतील. सिस्टिम तिप्पट वेगवान झाली म्हणून बिलंही तिप्पट लवकर निघतील, असा हिशेब मांडू नका. बिलं तपासायला माणसांना लागणारा वेळ तसाच राहतो, आणि तो हिशेब फायनान्सवाले पहिल्याच मिनिटाला पकडतात.

आता अपडेट. एकच आकडा शीर्षकात, चार्टमध्ये आणि नोट्समध्ये असतो. एका जागी बदलला आणि दुसरीकडे तसाच राहिला, की सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. स्क्रीनशॉटमधले आकडे तर Ctrl+F ला सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधा. प्रत्येक आकड्याखाली "अमुक महिन्यापर्यंत" असं लिहा.

फाइल पाठवणार असाल तर Hide Slide वर विसंबू नका, त्या स्लाइड्स फाइलसोबतच जातात. एक्सेलमधून चिकटवलेल्या चार्टमागे कधीकधी अख्खं वर्कबुक असतं, बाकीच्या शीट्ससकट. असा चार्ट चित्र म्हणून पेस्ट करा. जुन्या नोट्स आणि कॉमेंट्ससाठी File > Info > Check for Issues > Inspect Document चालवा, पण कॉपीवरच, कारण तिथून काढलेलं बऱ्याचदा परत आणता येत नाही.